संध्याकाळी साडेसात ते रात्री अकरा : सोसायटीच्या इंटरनेट नोटिशीमागचे गणित

गेल्या काही वर्षांत पुण्या-मुंबईच्या अनेक इमारतींत लिफ्टशेजारच्या फलकावर पाण्याच्या टँकरची आणि गाड्यांच्या स्टिकरची सूचना असते, तिथेच आणखी एका प्रकारची नोटीस लागू लागली आहे. तिचा मजकूर साधारण असा असतो :

«सर्व सभासद व भाडेकरू यांस कळविण्यात येते की, आपल्या इमारतीस मिळणारी ब्रॉडबँडची मुख्य जोडणी सर्व सदनिकांसाठी सामायिक असून सायंकाळी 7.30 ते रात्री 11 या वेळेत तिच्यावर कमाल ताण येतो. तरी या वेळेत संगणक, मोबाइल व गेमिंग कन्सोल यांची मोठी अपडेट्स, गेम्सची डाउनलोड्स तसेच फोटो-व्हिडिओंचे बॅकअप टाळावेत व ते सोबतच्या तक्त्यात आपल्या मजल्यास नेमून दिलेल्या वेळेत करावेत, ही विनंती. — सचिव»

ही नोटीस वाचून पहिला प्रश्न जो उमटतो तो रास्तच आहे. मी दरमहा 100 एमबीपीएसच्या प्लॅनचे पैसे भरतो, मग ते 100 मी केव्हा वापरावेत हे सचिवांनी का सांगावे? या प्रश्नाचे उत्तर सचिवांच्या अधिकारात नाही, कारण तसा काही अधिकार त्यांच्याकडे नाही. नोटीस ही विनंतीच आहे. उत्तर आहे ते इमारतीच्या तळमजल्यावर किंवा गच्चीच्या जिन्याखाली भिंतीला ठोकलेल्या, पंख्याचा आवाज करणाऱ्या लोखंडी पेटीत.

केबलवाल्याची फायबर त्या पेटीपर्यंत येते. पेटीत एक स्विच असतो आणि स्विचमधून प्रत्येक सदनिकेकडे एकेक स्वतंत्र तार जाते. आपल्या घरापासून पेटीपर्यंतची तार आपली एकट्याची असते, परंतु पेटीपासून कंपनीच्या केंद्रापर्यंतची जोडणी सगळ्यांची मिळून एकच असते. उदाहरणादाखल 14 मजल्यांची, मजल्यावर चार याप्रमाणे 56 सदनिकांची इमारत घेऊ. प्रत्येक घराने 100 एमबीपीएसचा प्लॅन घेतला आहे आणि पेटीपर्यंत येणारी मुख्य जोडणी 500 एमबीपीएसची आहे. सगळ्यांनी एकाच क्षणी आपापले 100 मागितले तर 5,600 लागतील, म्हणजे उपलब्ध क्षमतेच्या अकरा पटींहून अधिक. ही फसवणूक आहे असे अनेकांना वाटते. तसे ते नाही. जगभरातील घरगुती ब्रॉडबँड याच हिशेबावर चालते, कारण सगळे जण एकाच वेळी पूर्ण वेगाने काही उतरवत आहेत असे जवळपास कधीच घडत नाही. प्रत्येक घरासाठी खरोखरच 100 राखून ठेवायचे म्हटले तर महिन्याचे बिल आजच्या कित्येक पट येईल. फसवणूक तेव्हा म्हणावी, जेव्हा हा पट वाढत जातो आणि कंपनी मुख्य जोडणी वाढवण्याचे नाव काढत नाही. त्याविषयी शेवटी.

आता या इमारतीतील आठवड्याच्या मधल्या एखाद्या दिवशीची रात्रीची नऊची वेळ पाहू. समजा 30 घरांत टीव्हीवर किंवा मोबाइलवर फुल एचडी व्हिडिओ चालू आहे. नेटफ्लिक्स त्यासाठी 5 एमबीपीएस पुरेसे मानते, तेव्हा हे झाले 150. चार घरांत मोठ्या टीव्हीवर 4के चालू आहे. त्याला प्रत्येकी 15 धरले तर 60. अमेरिकेतील ग्राहकांसाठी काम करणाऱ्यांचा दिवस याच वेळी सुरू होतो, शिवाय मुलांचे ऑनलाइन क्लास असतात. अशा 12 व्हिडिओ कॉलना प्रत्येकी 3 या हिशेबाने 36 लागतात. उरलेले रील्स, बातम्या, यूपीआय, व्हॉट्सॲप वगैरे मिळून आणखी 50-55. एकूण गोळाबेरीज 300 च्या आसपास जाते. म्हणजे 500 च्या जोडणीत 200 मोकळे आहेत आणि एवढ्या गर्दीतही कोणाचे काही अडत नाही.

अशा वेळी तीन घरांतील मुलांनी एकाच गेमचे 60 जीबीचे अपडेट सुरू केले असे समजा. नवा सीझन आला की ते एकाच संध्याकाळी येते आणि मुले एकमेकांना सांगूनच ते सुरू करतात, त्यामुळे हा योगायोग मुळीच दुर्मीळ नाही. तिघे प्रत्येकी 100 मागतात. 300 अधिक 300 म्हणजे 600, आणि जोडणी 500 ची. छप्पन्न घरांपैकी फक्त तीन घरांनी काही जास्त केले आणि सगळी इमारत मर्यादेपलीकडे गेली.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी लागते, कारण नोटीस नेमकी «मोठी डाउनलोड्स» याच शब्दांवर का अडते हे तिच्याशिवाय कळत नाही. चित्रपट पाहणे आणि गेम उतरवणे ही दोन्ही कामे बाहेरून सारखीच दिसतात, कारण दोन्हींत भरपूर डेटा येतो. पण चित्रपटाची गरज ठरलेली असते. टीव्ही पुढचा काही भाग आधीच आणून ठेवतो आणि तो पुरेसा झाला की काही सेकंद स्वस्थ बसतो. जागा जास्त मिळाली म्हणून तो जास्त डेटा घेत नाही. डाउनलोडला अशी कोणतीही ठरलेली गरज नसते. इंटरनेटवर फायली पोहोचवणारी टीसीपी ही पद्धत मुद्दामच अशी रचलेली आहे की, पाठवणारा सर्व्हर वेग हळूहळू वाढवत नेतो, वाटेत कुठेतरी डेटाची पाकिटे गळू लागली किंवा रखडू लागली की थोडी माघार घेतो आणि पुन्हा वाढवू लागतो. जोडणी किती रुंद आहे हे त्याला आधी ठाऊक नसते, ते तो ती भरूनच शोधतो. त्यामुळे एखादे मोठे डाउनलोड चालू असते तेव्हा ते आपल्या प्लॅनच्या मर्यादेपर्यंत उपलब्ध असलेली प्रत्येक मोकळी जागा व्यापते, आणि तसे ते करते यात त्याचा काही दोष नाही.

जागा संपल्यावर काय होते? पाकिटे लगेच फेकून दिली जात नाहीत. मुख्य जोडणीच्या वरच्या टोकाला, म्हणजे कंपनीच्या केंद्रातील उपकरणात, ती रांगेत थांबतात आणि वाट मोकळी होईल तशी पुढे सोडली जातात. महिन्याचा किराणा भरणाऱ्या तिघांच्या मागे एक जण अर्धा लिटर दुधाची पिशवी घेऊन उभा असावा, तशी ही रांग आहे. दुधाच्या पिशवीचे बिल करायला दोन सेकंद पुरतात, पण तिथवर पोहोचायला पंधरा मिनिटे जातात. व्हिडिओ कॉलमधील आवाज ही ती दुधाची पिशवी होय. आवाजाचे साधारण 20 मिलिसेकंदांचे एकेक पाकीट होते, सेकंदाला अशी पन्नास पाकिटे जातात, आणि प्रत्येक आकाराने अगदी लहान असते. रांगेत जर 200 मिलिसेकंदांचा माल साठला असेल, जो 500 एमबीपीएसच्या जोडणीवर साडेबारा एमबी इतका होतो, तर या प्रत्येक लहान पाकिटाला त्या सगळ्या मालामागे उभे राहावे लागते. बोलण्यासाठी एका दिशेचा विलंब 150 मिलिसेकंदांच्या आत असावा, ही आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची जुनी शिफारस आहे. त्यापुढे दोघे एकाच वेळी बोलू लागतात, एकमेकांना «तुम्ही बोला, तुम्ही बोला» म्हणतात आणि मग दोघेही गप्प बसतात. पाकीट आणखी उशिरा आले तर त्याचा काहीच उपयोग नसतो, कारण त्याची बोलायची वेळ निघून गेलेली असते. तेव्हा ते टाकून दिले जाते आणि आपल्याला आवाज तुटलेला ऐकू येतो.

म्हणूनच अशा संध्याकाळी तक्रारींचे चित्र विचित्र असते. चौथ्या मजल्यावर चित्रपट विनाव्यत्यय चालू असतो, कारण टीव्हीने पुढची मिनिटभराची बेगमी आधीच करून ठेवलेली असते. अकराव्या मजल्यावर मात्र मीटिंग तुटत असते, आणि चित्रपट पाहणारा शपथेवर सांगतो की नेट उत्तम आहे. दोघेही खरे बोलत असतात. साधे संकेतस्थळ उघडणेही याच कारणाने जड होते. पान दिसण्याआधी पत्ता विचारणे, संपर्क जुळवणे, कुलूपबंद मार्ग ठरवणे आणि मग पान मागणे अशा तीन-चार तरी फेऱ्या होतात. एका फेरीला 10 मिलिसेकंद लागत असतील तर ते कोणाच्या लक्षातही येत नाही. तीच फेरी 250 मिलिसेकंदांची झाली की पानाचा पहिला शब्द दिसेपर्यंतच सेकंद निघून जातो आणि मग पानातील प्रत्येक चित्रासाठी, प्रत्येक जाहिरातीसाठी पुन्हा फेऱ्या सुरू होतात. वेगाची चाचणी घेतली तर ती 60-70 एमबीपीएस दाखवते आणि घरातील माणूस चक्रावून जातो. (ओघात एक सांगावेसे वाटते : वेगाची चाचणी हेसुद्धा एक मोठे डाउनलोडच असते. 100 एमबीपीएसवर दहा-पंधरा सेकंद चालली तर ती सव्वाशे ते जवळपास दोनशे एमबी ओढते. नेट अडले की इमारतीतील वीस जण एकाच वेळी चाचणी घेऊ लागतात, तेव्हा ते अडलेल्या नेटवर आणखी बसतात.)

रांग कंपनीच्या टोकाला लागते, हे सचिवांच्या हतबलतेचे खरे कारण आहे. पेटीत कितीही महागडा राउटर आणून बसवला तरी तो खालच्या टोकाला बसतो; त्याच्यापर्यंत माल येतो तेव्हा रांग पार झालेली असते. ती रांग नीट लावण्याची साधने अस्तित्वात आहेत. एफक्यू-कोडेल नावाच्या पद्धतीत प्रत्येक संवादाची वेगळी ओळ धरली जाते, त्यामुळे लहान पाकिटांना मोठ्यांच्या मागे थांबावे लागत नाही. ही पद्धत 2018 पासून प्रकाशित दस्तऐवजाच्या स्वरूपात उपलब्ध आहे. परंतु तिची योग्य जागा कंपनीच्या उपकरणात आहे, आणि तिथे सोसायटीचा हात पोहोचत नाही. तोवर सोसायटीच्या हातात राहते ते एकच : रांगेत जे थांबू शकते त्याला संध्याकाळी रांगेत न आणणे.

थांबू काय शकते, याची यादी नोटिशीत आहे आणि ती विचार करून केलेली दिसते. गेमचे अपडेट रात्री दोनला उतरले काय किंवा नऊला, खेळणाऱ्याला फरक पडतो तो फक्त त्या एका संध्याकाळचा. बॅकअपचेही तसेच. याउलट थेट प्रक्षेपण थांबवता येत नाही. आयपीएलचा संध्याकाळचा सामना साडेसातलाच सुरू होतो आणि त्याचा पुढचा भाग आधी आणून ठेवणेही शक्य नसते, कारण पुढचा चेंडू अजून टाकलेलाच नसतो. सामन्याच्या दिवसांत पायाभूत 300 चा आकडा आपोआप चढतो आणि मोकळी जागा 200 वरून शंभरावर येते, तेव्हा एकच मोठे डाउनलोडही पुरेसे होते. नोटिशीत अशा दिवसांचा वेगळा उल्लेख असता तर बरे झाले असते.

आणखी एक तारीख महत्त्वाची आहे. विंडोजची मासिक सुरक्षा अपडेट्स दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सकाळी 10 वाजता प्रसृत होतात. आपल्याकडे तेव्हा मंगळवारी रात्रीचे साडेदहा, आणि तिकडच्या हिवाळी वेळेत साडेअकरा वाजलेले असतात. बहुतेक लॅपटॉप तेव्हा मिटलेले असतात किंवा मिटायच्या बेतात असतात, त्यामुळे हा सगळा भार बुधवारी, लॅपटॉप उघडेल तसा, येऊन पडतो. दिवसभर ऑफिसच्या नेटवर असलेले लॅपटॉप तिथेच ते उरकून घेतात. घरातले, मुलांचे आणि आजी-आजोबांचे संगणक मात्र संध्याकाळी उघडतात. एकेका अपडेटचा आकार काहीशे एमबीपासून काही जीबीपर्यंत असतो, म्हणजे गेमच्या मानाने लहान, पण ते अनेक घरांत एकाच संध्याकाळी आणि कोणी न सांगता सुरू होते. सुरक्षा अपडेट काही तास पुढे ढकलणे आणि ते आठवडेच्या आठवडे बंद ठेवणे यांत मोठे अंतर आहे. नोटीस पहिले मागते, दुसरे कोणी करू नये.

आता तक्त्याकडे येऊ. रात्री बारानंतर आपल्या उदाहरणातील इमारतीचा वापर 50 एमबीपीएसवर आला असे धरले तर 450 मोकळे राहतात, म्हणजे चार घरे एकाच वेळी पूर्ण 100 च्या वेगाने काहीही उतरवू शकतात. 60 जीबी म्हणजे 480 गिगाबिट, कारण एका बाइटमध्ये आठ बिट असतात आणि प्लॅनचा वेग बिटांत, तर फायलीचा आकार बाइटांत सांगतात. 100 एमबीपीएसने त्याला 4,800 सेकंद, म्हणजे 80 मिनिटे लागतात. संध्याकाळी ज्या तीन घरांनी इमारतीला तोंडाला फेस आणला, तीच तीन घरे रात्री दीडला एकदम सुरू झाली तरी तिघांचेही काम तीनच्या आत पूर्ण होते आणि कोणाला पत्ताही लागत नाही. संध्याकाळी मात्र त्यांचे स्वतःचे डाउनलोडही रेंगाळले असते, कारण इतर घरांचे 300 वजा जाता त्यांना तिघांत मिळून 200 च उरतात. 80 मिनिटांच्या कामाला किमान दोन तास लागतात.

मग सरळ «रात्री बारानंतर» असे न लिहिता मजल्यांचा तक्ता कशासाठी? कारण «रात्री बारानंतर» असे सांगितले की सगळे जण बाराचीच वेळ लावतात. पहिले ते चौथे मजले 12 ते दीड, पाचवे ते सातवे दीड ते तीन, आठवे ते अकरावे तीन ते साडेचार आणि बारावे ते चौदावे साडेचार ते सहा, अशा दीड-दीड तासाच्या पाळ्या केल्या की प्रत्येक पाळीत 12 ते 16 घरे येतात. त्यांपैकी एका रात्री खरोखर मोठे काही उतरवणारी क्वचितच तीन-चारपेक्षा जास्त असतात, आणि 80 मिनिटांचे काम दीड तासात बसते. एखाद्या पाळीत गर्दी झाली किंवा काम लांबले तरी बिघडत नाही, कारण त्या वेळी रांगेत आवाजाची लहान पाकिटे फारशी नसतात. अपवाद रात्रपाळी करणाऱ्यांचा. पुण्यात असा एखादा तरी प्रत्येक इमारतीत सापडतो, आणि त्याचे कॉल कितीपर्यंत चालतात हे विचारून पहिली पाळी थोडी पुढे सरकवणे सचिवांना अशक्य नाही.

तक्ता करणे सोपे, पाळणे यंत्रांच्या सेटिंगमुळे अवघड. विंडोजमधील `Active hours` मध्ये संध्याकाळची वेळ भरली की अपडेट संध्याकाळी उतरणार नाही, असा एक सर्रास गैरसमज आहे. ती वेळ संगणक आपोआप बंद होऊन पुन्हा चालू होऊ नये यासाठी असते. डाउनलोड तिला जुमानत नाही. डाउनलोड आवरायचे तर `Windows Update` मधील `Advanced options` आणि तिथून `Delivery Optimization` येथे जाऊन पार्श्वभूमीवर चालणाऱ्या डाउनलोडची कमाल मर्यादा घालता येते, किंवा घरच्या वाय-फायवर `Metered connection` चालू ठेवून रात्री ते बंद करता येते. ते चालू असताना बहुतेक अपडेट्स स्वतःहून उतरत नाहीत. स्टीमवर खेळणाऱ्यांसाठी काम सोपे आहे, कारण त्याच्या `Downloads` या भागात आपोआप होणाऱ्या अपडेट्सची वेळ ठरवता येते आणि वेगालाही मर्यादा घालता येते. पण या सगळ्यावर पाणी फिरवणारी एक क्षुल्लक गोष्ट आहे : लॅपटॉपचे झाकण. रात्री दोनची वेळ लावून झाकण मिटले की लॅपटॉप झोपतो, डाउनलोड होत नाही, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी झाकण उघडताच ते सुरू होते, तेही नेमके साडेसातनंतर. म्हणून ज्या रात्री मोठे काम असेल त्या रात्री चार्जर जोडून लॅपटॉप जागा राहील अशी व्यवस्था करावी लागते. प्लेस्टेशन बंद न करता `Rest Mode` मध्ये ठेवले आणि त्या अवस्थेत इंटरनेट चालू राहण्याची मुभा दिली की ते आपले काम करते. मोबाइलमध्ये फोटोंचा बॅकअप वाय-फाय मिळताच सुरू होतो, आणि लग्नाहून परतलेल्या घरात तो 15-20 जीबीचा सहज असतो. त्या एका संध्याकाळपुरता तो बंद करून झोपताना चालू करावा.

एखादे डाउनलोड संध्याकाळीच करणे भाग असेल तर त्याचा वेग 20 एमबीपीएसवर बांधून ते करावे. 60 जीबीला मग पावणेसात तासांच्या आसपास लागतात, पण तिन्ही घरांनी तसे केले तर इमारतीवर 300 ऐवजी 60 चाच भार पडतो आणि रांग लागतच नाही. माझ्या मते नोटिशीत वेळेच्या तक्त्याआधी हा पर्याय लिहायला हवा होता, कारण तो पाळायला कोणालाही रात्री जागे राहावे लागत नाही.

आपली अडचण खरोखर या सामायिक जोडणीची आहे की घरातीलच, हे तपासल्याशिवाय सचिवांकडे तक्रार नेऊ नये. तपासणी सोपी आहे. घरातील इतर सर्व उपकरणांचे इंटरनेट दहा मिनिटे बंद करावे, कारण मुलगा आत गेम उतरवत असेल तर आपल्याच 100 च्या प्लॅनची रांग लागलेली असते आणि त्यात इमारतीचा काही संबंध नसतो. मग विंडोजच्या संगणकावर कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडून एकीत पहिली आणि दुसरीत दुसरी आज्ञा द्यावी :

```
ping 192.168.1.1 -t
ping 8.8.8.8 -t
```

पहिला पत्ता आपल्या घरातील राउटरचा आहे. काही राउटरचा तो वेगळा असतो आणि `ipconfig` ही आज्ञा दिल्यास `Default Gateway` समोर दिसतो. दुसरा पत्ता गूगलच्या सार्वजनिक सेवेचा आहे. दोन्ही खिडक्यांत ओळीमागून ओळी येतात आणि प्रत्येकीत `time=` किंवा `time<` नंतर मिलिसेकंदांचा आकडा असतो. घरातील राउटरचा आकडा एक-दोनवर स्थिर असेल आणि गूगलचा सकाळी 10 असणारा आकडा रात्री नऊला दीडशे-दोनशेवर जाऊन साडेअकराला पुन्हा खाली येत असेल, तर ती रांग घराबाहेरची आहे. राउटरचाच आकडा कधी 3, कधी 80, कधी `Request timed out` असा उड्या मारत असेल, तर दोष वाय-फायचा आहे. 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या 1, 6 आणि 11 या तीनच आहेत, आणि 56 घरांचे राउटर त्यांतच दाटीवाटीने बसलेले असतात. त्यासाठी 5 गिगाहर्ट्झचा पट्टा वापरावा, किंवा ऑफिसच्या कामाच्या संगणकाला सरळ तार जोडावी. कोणीही आपली डाउनलोड्स कितीही पुढे ढकलली तरी हा दोष जाणार नाही. चाचणी `Ctrl+C` दाबून थांबते.

सचिव कोण काय उतरवतो हे पाहतात का, अशी कुजबुज अशा नोटिशीनंतर होतेच. पेटीतील स्विच व्यवस्थापन करता येण्याजोगा असेल तर त्यावर कोणत्या तारेवरून किती बिट गेले हे मोजता येते. काय गेले हे नाही. तो आकडासुद्धा सदनिकेच्या क्रमांकासह फलकावर लावणे मला अनुचित वाटते. सोसायटीला गरज आहे ती एकूण मुख्य जोडणीच्या वापराच्या आलेखाची, आणि तो कंपनीकडे असतो. दर पाच मिनिटांचा सरासरी वापर दाखवणारा महिन्याभराचा आलेख सचिवांनी लेखी मागावा.

तो आलेख वाचताना दूरसंचार नियामक ट्रायची एक जुनी मोजपट्टी कामी येते. ब्रॉडबँडच्या दर्जाविषयीच्या 2006 च्या नियमांत गर्दीच्या वेळी मार्गाचा वापर 80 टक्क्यांच्या आत असावा असे म्हटले होते, आणि तो 90 टक्क्यांपुढे गेल्यास तिथे कोंडी आहे असे मानून एका महिन्याच्या आत क्षमता वाढवणे कंपनीवर बंधनकारक केले होते. ते नियम कंपनीच्या स्थानिक केंद्रापासून पुढच्या मार्गांविषयी होते, इमारतीच्या पेटीपर्यंतच्या तारेविषयी नव्हते; तरी जोडणी केव्हा अपुरी म्हणायची याचा अंदाज बांधायला ते आकडे पुरेसे आहेत. 80 टक्के ही रेघ उगाच ओढलेली नाही. टीव्ही पुढचा भाग एका दमात ओढतात आणि मग थांबतात, त्यामुळे पाच मिनिटांच्या सरासरीत 400 दिसणारा वापर मधल्या काही क्षणांत 500 ला टेकत असतो आणि त्या क्षणांपुरती रांग लागत असते.

आपल्या इमारतीत मोठी डाउनलोड्स वगळून संध्याकाळचा वापर 300 आहे, म्हणजे 60 टक्के, आणि म्हणूनच तिथे पाळ्या उपयोगी पडतात. काही घरांनी टीव्ही बदलून 4के घेतले, रिकाम्या सदनिकांत भाडेकरू आले आणि हाच आकडा 400 वर पोहोचला, की पाळ्या कितीही काटेकोर पाळल्या तरी नऊ वाजता मीटिंग तुटेल, कारण तेव्हा रांग डाउनलोडची नसून पाहणाऱ्यांची असेल. त्या वेळी सभासदांना उद्देशून दुसरी नोटीस काढण्यात अर्थ नाही. आलेखाची प्रत जोडून, मुख्य जोडणी 500 वरून एक जीबीपीएस करण्याची मागणी करणारे पत्र कंपनीला जायला हवे, आणि त्यात सदनिकांची संख्या, प्रत्येकीचा प्लॅन आणि वापर 80 टक्क्यांपुढे गेलेल्या संध्याकाळच्या तारखा लिहिलेल्या असाव्यात.